कंबर किंचित बारीक करताना मागची चौकट वाकते? या चुका टाळा

साखरपुड्याचा फोटो आहे. सोलापुरातलं जुनं घर, मागे सागवानी दाराची चौकट, खाली शहाबादी फरशी, भिंतीला कमरेपर्यंत ऑइलपेंट आणि त्याच्या वरच्या कडेला बोटभर रुंद गडद पट्टा. मुलगी इरकल नेसून उभी आहे आणि तिचं म्हणणं एवढंच आहे, "कंबर थोडी कमी दिसू द्या, पण मी मीच दिसले पाहिजे." फोटोशॉपमध्ये हे दोन मिनिटांचं काम वाटतं. अल्बम छापून आला की मात्र घरातलं कुणीतरी विचारतं, "आपली चौकट अशी कधी होती?" कमरेच्या उंचीला सरळ सागवान आत ओढल्यासारखं वाकलेलं असतं आणि एकदा ते दिसलं की दुसरं काही दिसत नाही.

या लेखात हाच एक फोटो शेवटपर्यंत घेऊ. उभा फोटो, 4000 × 6000 पिक्सेल, म्हणजे 24 मेगापिक्सेल. कमरेची रुंदी 640 पिक्सेल. दोन्ही बाजूंनी 12-12 पिक्सेल आत घ्यायचे, म्हणजे कंबर 616 पिक्सेल होईल. हा बदल पावणेचार टक्क्यांचा. 12 × 18 इंचांच्या पानावर हा फोटो पूर्ण छापला तर प्रत्येक कडा जेमतेम 0.9 मिलिमीटर सरकते. किंचित म्हणजे एवढंच. आठ-दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की दंड, नितंब आणि कंबर यांचा मेळ तुटतो आणि मग रेघा कितीही सरळ ठेवल्या तरी फोटो खोटा दिसतो.

रेघ वाकते कशामुळे

`Filter > Liquify` मधल्या `Forward Warp` ब्रशला शरीर कुठलं आणि भिंत कुठली हे कळत नाही. ब्रशच्या गोलात जे येईल ते सगळं तो सरकवतो, मधोमध जास्त आणि कडेकडे कमी कमी. ओल्या कापडावर बोट ठेवून ओढलं की आजूबाजूचं कापडही ओढलं जातं, तसंच. कमरेला आत ढकललं की शेजारची भिंत तिच्यामागे येते. भिंत कोरी असेल तर कुणाला कळत नाही. रेघ असेल तर कळतं.

पण प्रत्येक रेघ सारखी वाकत नाही आणि बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कंबर आपण आडवी ढकलतो. आडवी रेघ आडवी सरकली तर ती स्वतःवरूनच सरकते, म्हणून काही फरक दिसत नाही. उभी रेघ आडवी सरकली तर सगळाच्या सगळा फरक दिसतो. आपल्या फोटोत भिंतीवरचा गडद पट्टा आडवा आहे, तो 12 पिक्सेल सरकला तरी जागचा हलल्यासारखा वाटणार नाही. चौकटीची कड उभी आहे, ती पूर्ण 12 पिक्सेल वाकेल. फरशीचा जो सांधा दहा पिक्सेल पुढे जाताना एक पिक्सेल वर चढतो, तो जेमतेम सव्वा पिक्सेल हलेल. 45 अंशांत तिरकी गेलेली रेघ साडेआठ पिक्सेल हलेल.

म्हणून लिक्विफाय उघडण्याआधी कमरेच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर काय आहे ते पाहा. भुईकोट किल्ल्याच्या तटाला टेकून काढलेला फोटो त्यामानाने सोपा: दगडांचे आडवे थर लांबलचक असतात आणि त्यांना धक्का लागत नाही, उभे सांधे एकेका दगडापुरते तुटक असतात, त्यांचा बाक डोळ्यात भरत नाही. उलट सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला फोटो घ्या. बाराबंदी घातलेल्या माणसाच्या पोटामागे नंदीध्वज उभा आहे. ती काठी ताठ असते हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक आहे. ती पाच पिक्सेल वाकली तरी पकडली जाते.

चूक: ब्रश तिरका ओढणे

वरचा नियम फक्त धक्का खरोखर आडवा असेल तरच लागू पडतो. माउस किंवा पेन कोपरातून फिरतो, त्यामुळे हात नकळत कमानीत जातो. 12 पिक्सेल आत जाताना तो तीन-चार पिक्सेल वर गेला की भिंतीवरचा आडवा पट्टा तेवढाच वर उचलला जातो आणि कमरेजवळ त्याला उंचवटा येतो. चौकट वाचवली आणि पट्टा बिघडला, असं बऱ्याचदा होतं ते यामुळे.

उपाय साधा आहे. कमरेच्या कडेवर एकदा क्लिक करा, मग `Shift` दाबून त्याच उंचीवर थोडं आत दुसरं क्लिक करा. लिक्विफाय दोन क्लिकांच्या मध्ये सरळ रेषेत ओढल्यासारखा परिणाम करतो. सुरुवातीला दोन क्लिकांची उंची चुकते, पण फोटो मोठा करून काम केलं तर एखाद्या पिक्सेलच्या पलीकडे ती चूक जात नाही.

`Push Left` हे साधनही याच कामाला वापरतात. त्यात ब्रश कमरेच्या कडेने उभा फिरवायचा असतो: वर नेला की चित्र डावीकडे सरकतं, खाली आणला की उजवीकडे. त्यामुळे फोटोतल्या उजव्या कडेवर खालून वर आणि डाव्या कडेवर वरून खाली. उलटं केलंत तर कंबर फुगेल. लांब, जवळजवळ उभ्या कडेवर ते छान चालतं. कमरेसारख्या वळणावर मात्र धक्क्याची दिशा वळणाबरोबर फिरते, म्हणजे तो तिरका होतो. आडव्या रेघा मागे असतील तर `Forward Warp` बरा.

चूक: ब्रश लहान घेणे

भीतीपोटी सगळे इथे फसतात. मागची चौकट हलू नये म्हणून 100-150 पिक्सेलचा ब्रश घ्यायचा आणि कमरेवर दहा ठिकाणी टोचायचं. चौकट थोडी वाचते, पण कमरेची कडा लाटांसारखी होते. माणसाच्या कमरेला एकच लांब वळण असतं. बरगडीच्या खालून सुरू होऊन नितंबाच्या हाडापर्यंत ते जातं. आपल्या फोटोत हे अंतर साधारण 850 पिक्सेल आहे, तेव्हा ब्रश 600 ते 700 पिक्सेलचा हवा. `Density` 50 असू द्या, `Pressure` मात्र 100 वरून 20 पर्यंत खाली आणा. एका झटक्यात 12 पिक्सेल सरकवू नका, तीन-चार हलक्या फटक्यांत ते अंतर गाठा. बेंबीच्या किंचित वर, जिथे कंबर मुळातच सर्वांत अरुंद असते तिथे पूर्ण 12 पिक्सेल, आणि तिथून वर-खाली कमी होत होत शून्य.

मोठा ब्रश म्हणजे मागचा भागही जास्त हलणार, हे उघड आहे. त्यावरचा उपाय ब्रश लहान करण्यात नाही. शरीर आणि मागची भिंत यांना वेगळं करण्यात आहे, आणि तिथेच पुढची चूक होते.

चूक: भिंत शरीराच्या कडेपर्यंत गोठवणे

`Freeze Mask` हाती आला की पहिला विचार येतो, मागचं सगळं गोठवून टाकू. भिंत लाल रंगाने अगदी साडीच्या कडेपर्यंत रंगवली जाते आणि मग ब्रश फिरवला तरी कंबर हलतच नाही. कारण कडेला लागून असलेली भिंत जागची हलणार नसेल, तर कडा आत गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत काय येणार? गोठवलेला भाग तिथे पसरू शकत नाही. मग ब्रश आतल्या साडीलाच दाबतो: कडा तिथेच राहते, तिच्या आतल्या इरकलीच्या चौकड्या मात्र चेपून अरुंद होतात.

म्हणून लोक कडेपासून 40 पिक्सेल जागा सोडून पुढची भिंत गोठवतात. आता कंबर हलते, पण त्या 40 पिक्सेलच्या भिंतीला 52 पिक्सेल जागा भरावी लागते. तीस टक्के ताण. गुळगुळीत रंगाच्या भिंतीवर हे खपून जातं. लाकडाचे रेषे, विटा, किंवा संध्याकाळी जास्त आयएसओवर काढलेल्या फोटोतले दाणे असतील तर तिथे आडव्या ओरखड्यांसारखा पट्टा दिसतो.

गोठवण्याचा खरा उपयोग शरीराच्याच इतर भागांसाठी आहे: कमरेजवळ लोंबणारा हात, कोपर, पदराचा काठ, शेंडा खाली आलेली वेणी. हे गोठवा, भिंतीला वेगळ्या पद्धतीने सांभाळा.

रेघ कमरेपासून लांब असेल तर: फिल्टरचा मास्क

निम्म्याहून जास्त फोटोंत एवढंच पुरतं. लिक्विफाय उघडण्याआधी लेयरवर उजवं क्लिक करून `Convert to Smart Object` करा. आता लिक्विफाय लेयरखाली वेगळा फिल्टर म्हणून दिसेल आणि त्याच्यासोबत पांढरा मास्क मिळेल. कंबर मनासारखी झाली की त्या मास्कवर काळ्या ब्रशने चौकटीवरून फिरा. काळं कराल तिथे मूळ फोटो परत येतो, म्हणजे चौकट पूर्वीसारखी सरळ.

यासाठी दोन अटी आहेत. एक, रेघ पूर्णपणे काळ्या भागात आली पाहिजे. मास्कची कडा रेघेवरूनच गेली तर अर्धी रेघ जागच्या जागी आणि अर्धी 12 पिक्सेल सरकलेली, अशी पायरी तयार होते. दोन, काळ्या-पांढऱ्याची सीमा कोऱ्या जागेत पडली पाहिजे, कारण मऊ ब्रशने केलेल्या सीमेवर मूळ आणि सरकलेलं अशी दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. कोऱ्या भिंतीवर ते कळत नाही, जाळीवर किंवा नक्षीवर दुहेरी दिसतं. कमरेची कडा आणि रेघ यांच्यात 35-40 पिक्सेल कोरी भिंत असेल तर या पद्धतीच्या पुढे जाऊच नका.

इथेच एक नेहमीची गडबड. कंबर जरा जास्त बारीक झाली असं वाटलं की काही जण फिल्टरची `Opacity` 60 वर आणतात. त्याने कडा मागे येत नाही. जुनी कडा आणि नवी कडा दोन्ही अर्धवट पारदर्शक होऊन एकावर एक दिसतात, जसा कॅमेरा हललाय. बदल कमी करायचा तर फिल्टरच्या नावावर डबल क्लिक करून लिक्विफाय पुन्हा उघडा आणि `Reconstruct` बटणातली पट्टी 100 वरून खाली आणा. त्याने सरकलेलं अंतरच कमी होतं.

रेघ कमरेला चिकटून असेल तर: दोन लेयर

आपल्या फोटोत हीच अडचण आहे. फोटोतल्या डाव्या बाजूला हात सुटा लोंबतोय, हात आणि कंबर यांच्यात 70 पिक्सेलची फट आहे आणि त्या फटीतून चौकट दिसते. चौकटीचं लाकूड कमरेजवळ फक्त 10 पिक्सेल दिसून लगेच साडीमागे जातं. मास्कसाठी लागणारी कोरी जागाच नाही. कंबर 12 पिक्सेल आत गेली की तिच्यामागचं आणखी 12 पिक्सेल लाकूड दिसायला हवं, आणि ते लाकूड फोटोत कुठेच नाही. ते आपल्यालाच आणावं लागणार.

`Ctrl+J` ने लेयरची प्रत करा. खालच्याला "तळ" म्हणा, वरच्याला "व्यक्ती". वरच्या लेयरवर `Select > Subject` ने मुलगी निवडा. आता निवड सगळीकडे अचूक करत बसू नका. केसांच्या बटा, बांगड्या, पायाची बोटं यांची कड थोडी चुकली तरी चालेल, कारण खालच्या लेयरवर नेमक्या त्याच जागी तीच मुलगी आहे. निवड काटेकोर हवी ती फक्त बरगडीपासून नितंबापर्यंत, कमरेच्या दोन्ही कडांना आणि फटीच्या आत. फट निवडीतून वगळली गेली आहे ना ते मोठं करून पाहा. आपोआप झालेली निवड अशी फट पुष्कळदा बुजवून टाकते. मग `Select > Modify > Contract` ने निवड 1 पिक्सेल आत घ्या, म्हणजे भिंतीच्या रंगाची बारीक किनार साडीसोबत येणार नाही. आता मास्क लावा.

आता वरची लेयर डोळ्याच्या खुणेवरून बंद करा आणि तळावर काम करा. मुलीला पूर्ण पुसायची गरज नाही. कमरेच्या कडेपासून आत फक्त 25-30 पिक्सेलपर्यंत भिंत आणि लाकूड वाढवायचं आहे, म्हणजे कडा जेवढी सरकणार त्याच्या दुप्पट, थोडं हातचं राखून. `Clone Stamp` घ्या, ब्रश 50 पिक्सेल, `Hardness` 50 च्या आसपास, `Aligned` चालू, `Sample` मध्ये `Current Layer`. खांद्याच्या वर चौकट स्पष्ट दिसते. तिथे चौकटीच्या कडेवर नेमकं `Alt` दाबून क्लिक करा आणि कमरेजवळ त्याच कडेवर ब्रश टेकवून सुरुवात करा. कड कडेवर बसली की लाकडाचे रेषे आपोआप जुळतात. कॅमेरा थोडा वर किंवा खाली रोखलेला असेल तर चौकट अगदी उभी नसते, हजार पिक्सेलमध्ये पाच-सहा पिक्सेल कलते. तरी चिंता नाही, कारण आणलेल्या तुकड्याचा कलही तोच असतो. फोटोतल्या उजव्या बाजूला भिंतीवरचा आडवा पट्टा असाच 30 पिक्सेल आत वाढवून घ्या, तिथे मात्र नमुना त्याच पट्ट्यावर बाजूला घ्यायचा.

`Content-Aware Fill` इथे का नको? कोऱ्या भिंतीला तो चांगला आहे. चौकटीसारखी सरळ रेघ मात्र तो अंदाजाने जोडतो आणि जोडावर एक-दोन पिक्सेलची पायरी ठेवतो. सरळ रेघेला अंदाज चालत नाही.

आता वरची लेयर चालू करा. तिला मास्कसकट `Convert to Smart Object` करा, मगच लिक्विफाय उघडा. हा क्रम चुकला तर एक विचित्र प्रकार होतो: लिक्विफाय फक्त चित्र सरकवतो, लेयरचा मास्क जागेवरच राहतो. मग कंबर आत गेलेली असते, मास्कची खिडकी मात्र जुन्याच आकाराची, आणि त्या खिडकीतून लेयरवर लपलेली जुनी भिंत साडीच्या कडेने डोकावते. स्मार्ट ऑब्जेक्ट केल्यावर मास्क आत जातो आणि कापलेली कडाच सरकते.

लिक्विफायमध्ये `Show Backdrop` चालू करून `Use` मध्ये तळाची लेयर निवडा, म्हणजे सरकणाऱ्या कमरेमागे खरी भिंत दिसत राहील. `All Layers` ठेवलं तर न सरकलेली मुलगीही दिसते आणि डोळा फसतो. लोंबणारा हात `Freeze Mask` ने पूर्ण गोठवा, थोडा फटीतही जाऊ द्या. फट आता रिकामी आहे, तिथे बिघडण्यासारखं काही नाही. मग आधी सांगितलेला 650 पिक्सेलचा ब्रश बिनधास्त चालवा. मोठ्या ब्रशची भीती आता उरलेली नाही, कारण भिंत या लेयरवर नाहीच. बाहेर आल्यावर फट 70 ऐवजी 82 पिक्सेल दिसेल, चौकटीचं लाकूड 10 ऐवजी 22 पिक्सेल, आणि कड शेजारच्या भिंतीत जिथल्या तिथे.

फट, हात आणि साडी: जिथे कंबरच खोटी दिसते

हात आणि कंबर यांच्यातली ती फट बारकाईने पाहणारा माणूस सर्वांत आधी तपासतो. हाताच्या बाहेरच्या बाजूला जी रेघ दिसते, तीच फटीतून पुढे चालू असली पाहिजे. भिंतीवरचा पट्टा हाताच्या डावीकडे एका उंचीवर आणि फटीत तीन पिक्सेल वर, असं झालं की हात मधून कापून चिकटवल्यासारखा वाटतो. फटीपुरतंच बघून दुरुस्ती करू नका, रेघ हातामागून जाऊ द्या आणि दोन्ही टोकं एकत्र तपासा.

हात कमरेवर ठेवलेला असेल तर काम अवघड होतं. कंबर आत गेली की तळहाताने तिच्यासोबत जायला हवं. तळहात गोठवला तर बोटांखाली फट पडते, न गोठवता ढकलला तर बोटं चपटी होतात. मोठ्या ब्रशने तळहात आख्खा सरकवा आणि ते अंतर मनगटापासून कोपरापर्यंत विरघळू द्या. त्या बाजूला 12 ऐवजी 6 पिक्सेलवर समाधान मानलेलं उत्तम.

साडीवरच्या रेघाही रेघाच. इरकलीच्या चौकड्या कडेजवळ हळूहळू अरुंद होत गेल्या तर त्या शरीराच्या गोलाईमुळे तशा दिसतात, ते खरं वाटतं. कडेपासून 30 पिक्सेलमध्ये अचानक निम्म्या झाल्या तर नाही. कमरपट्टा असेल तर त्याचे कडेचे गोल मणी अंडाकृती झाले आहेत का ते पाहा. हे दिसलं तर धक्का कडेवरच अडकला आहे. ब्रश मोठा करून त्याचा मध्य थोडा आत, साडीवर ठेवून पुन्हा करा, म्हणजे दाब जास्त रुंदीवर पसरेल. दुपारच्या उन्हात भिंतीवर पडलेली सावलीही विसरू नका. सावलीतली कंबर जुनीच राहिली तर तिचीही कड तळावर तेवढीच आत आणावी लागते.

गणवेशाच्या किंवा कुर्त्याच्या कॅटलॉगसाठी काढलेला फोटो असेल तर हे काम करूच नये. तिथे कापड अंगावर कसं बसतं हेच गिऱ्हाईक पाहत असतं.

वाकलंय की नाही, हे ठरवायचं कसं

डोळ्यांवर विसंबू नका. तासभर तोच फोटो पाहिला की वाकडी चौकटही सरळ वाटू लागते. पहिली तपासणी: मूळ फोटोची लेयर सर्वांत वर ठेवा आणि तिचा ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे पूर्ण काळं दिसेल. बारीक फरक दिसावेत म्हणून त्याच्यावर `Levels` ची लेयर टाकून पांढरा त्रिकोण 40 पर्यंत आत ओढा. कमरेच्या दोन कडा आणि साडीचा भाग उजळ दिसणं योग्य. चौकटीच्या जागी उभी उजळ रेघ दिसली तर ती हललेली आहे. आडवी, फिकट रेघ दिसली तर धक्का तिरका गेला होता.

दुसरी तपासणी सुताराची. सुतार फळीचं टोक डोळ्याजवळ धरून लांबीच्या दिशेने पाहतो, म्हणजे सगळी लांबी आखडते आणि बारीकसा बाकही ठळक होतो. `Image > Duplicate` ने प्रत काढा, `Image Size` मध्ये साखळीची खूण सोडवा आणि फक्त उंची 10 टक्के करा. उभी चौकट आता बुटकी होईल आणि 850 पिक्सेलमध्ये पसरलेला बाक 85 पिक्सेलमध्ये आवळला जाऊन ठळक दिसेल. आडव्या रेघांसाठी रुंदी 10 टक्के करा. तपासून झालं की प्रत फेकून द्या.

फोटो आधीच वाकून आला असेल तर

कधीकधी हातात फक्त एकजीव झालेली जेपीजी असते, बहुधा मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये कमरेची पट्टी ओढून पाठवलेली. असल्या पट्ट्या पुष्कळदा कमरेच्या उंचीचा अख्खा पट्टाच दोन्हीकडून आत ओढतात, म्हणून दोन्ही बाजूंच्या उभ्या रेघा माणसाकडे वाकतात. मूळ फोटो मागून घ्या, तो मिळाला तर नव्याने करणंच जलद. नाही मिळाला तर चौकट बदलून टाका, वाकलेली कड उलटी ढकलून सरळ करण्याच्या नादाला लागू नका. उलट ढकललेली रेघ सरळ होते असं वाटतं, पण ती बहुधा नागमोडी होते आणि दोनदा ताणल्यामुळे पुसटही.

वाकलेल्या भागाच्या वर चौकट सरळ आहे तिथून, बाकाच्या लांबीपेक्षा 40 पिक्सेल जास्त उंच आणि चौकटीची कड मध्ये येईल असा 60 पिक्सेल रुंद तुकडा निवडा. `Ctrl+J` करून तो खाली आणा. चौकट कलती असेल तर तुकडा बाजूलाही सरकवावा लागतो: हजार पिक्सेलमध्ये 6 पिक्सेल कल असेल आणि तुकडा 700 पिक्सेल खाली आणला, तर बाजूला 4 पिक्सेलच्या आसपास. वरचं लाकूड बहुधा जास्त उजळ असतं. तुकड्यालाच क्लिप केलेल्या `Curves` ने तो शेजाऱ्याइतका गडद करा. शेवटी मास्क लावून साडीवर आणि हातावर आलेला भाग पुसा, आणि वर-खालचा जोड 15-20 पिक्सेलच्या मऊ ब्रशने मिसळा. सरळ लाकूड तेवढं उंच मिळत नसेल तर दोन तुकडे घ्या, पण दोन्हींचा जोड कमरेच्या सर्वांत अरुंद जागी येऊ देऊ नका. नजर आधी तिथेच जाते.